काळ्या पडद्यातली राखाडी चौकट

तिसऱ्या टप्प्यापर्यंत चित्र काचेसारखं लख्ख होतं आणि चौथा टप्पा सुरू झाला तशी त्यावर कुणीतरी फुंकर मारल्यासारखी वाफ आली. भिंगच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

भिंग हे तिचं खरं नाव नव्हे. जुने गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्या खेळाडूंच्या मंडळात ती परीक्षक होती. कुणी विक्रम केला म्हणून व्हिडिओ पाठवला, की तो मोठा करून एकेक ठिपका बघत बसायची, म्हणून हे नाव पडलं. पदार्थविज्ञान शिकलेली होती. "पटतंय" आणि "मोजलंय" या दोन गोष्टींत तिच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता.

मंडळाची खोली अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या बाजूला होती. अण्णा जुनी गेमची यंत्रं दुरुस्त करायचे आणि मंडळाचे दुसरे परीक्षकही तेच. दोघांनी होकार दिल्याशिवाय विक्रम लागत नसे.

"तुम्हालाही दिसलं ना?" अण्णांनी कल्हईची तार बाजूला ठेवत विचारलं; कल्हईची म्हणजे सोल्डरची तार, त्यांच्या दुकानात सगळ्याच वस्तूंना टोपणनावं होती.

"दिसलं."

"टप्पा संपला, पडदा काळा झाला, आणि पुन्हा उजळला तो मऊ. बरोबर काळ्या पडद्यावर. सांधा मारायला याहून झकास जागा नाही हो. तीन टप्पे एका दिवशीचे, उरलेले दुसऱ्या दिवशीचे. मधे काळोख. कुणाला कळतंय?"

सांधा म्हणजे दोन वेगळ्या खेळांचे चांगले तुकडे जोडून एक खेळ म्हणून खपवणं. मंडळात याच्याइतकं मोठं पाप नव्हतं. सिद्ध झालं, तर विक्रम जातोच, शिवाय खेळाडूचं नाव मंडळातून कायमचं पुसलं जातं.

आणि व्हिडिओ चिंगीचा होता. चिंगी भिंगची सख्खी मावसबहीण.

"अण्णा, हे मी बघू नये. घरचं माणूस आहे."

"मग कोण बघणार? माझी नजर सोल्डरच्या धुरात गेली. तुम्ही बघा, पण घरचं म्हणून सोडू नका, आणि घरचं म्हणून जास्त झोडपूही नका. नाहीतर लोक म्हणतील, कुंपणानंच शेत खाल्लं."

खोलीतल्या दुसऱ्या टेबलाशी घड्याळ्या बसला होता. सध्याचा विक्रम त्याचा. चिंगीचा व्हिडिओ खरा ठरला, तर त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर जाणार होतं. एरवी दुसऱ्याच्या खेळात पापणी लवण्याएवढी खोट असली तरी बोंब मारणारा हा गडी. आज मात्र कंट्रोलरची वायर बोटाला गुंडाळत आणि सोडत गप्प बसला होता.

"तुला काय वाटतं रे?" भिंगने विचारलं.

"मला? काही नाही. तुम्ही बघताय ना, ताई." आणि उठून गेलासुद्धा.

ज्याच्या घरावर दरोडा पडलाय तोच चोराबद्दल बोलेना. भिंगला हे व्हिडिओपेक्षाही संशयास्पद वाटलं.

संकेतस्थळावर चढवलेला व्हिडिओ तपासणीच्या कामाचा नसतो. चढवताना तो पुन्हा दाबला जातो, त्यात बारीक खुणा मरतात. म्हणून तिने चिंगीला फोन करून मूळ फाइल मागितली.

"मूळ कशाला? व्हिडिओ आहे की तिथे," चिंगी म्हणाली.

"मऊ पडलाय. चौथ्या टप्प्यापासून."

"रेकॉर्डिंगचं कार्ड तापलं असेल."

"कार्ड तापलं तर चित्र अडखळतं, हिरवं-निळं होतं, जातंसुद्धा. मऊ होत नाही. मऊपणा मापातून येतो, चिंगे. फाइल दे. आणि खेळताना खोलीत कोण होतं?"

"कोण असणार? एकटी होते. आई कामावर होती."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं होतं. फाइल मात्र लवकर आली नाही. आज देते, संध्याकाळी देते, पेनड्राइव्ह सापडत नाही, असं करत करत शेवटी चिंगीने ती अण्णांच्या गल्ल्यावर ठेवली आणि आत न डोकावताच निघून गेली.

भिंगने फाइल उघडली आणि आधी चिंगीची मांडणी कागदावर काढली. जुनं यंत्र आडवे तीनशेवीस आणि उभे दोनशेचाळीस ठिपके देतं. त्याच्यापुढे एक पेटी, जी प्रत्येक ठिपक्याचा चार बाय चारचा चौकोन करते; म्हणजे बाराशेऐंशी बाय नऊशेसाठ. ते चित्र कॅप्चर कार्डातून संगणकात येतं आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मोठ्या काळ्या पटावर ठेवलं जातं. पट एकोणीसशेवीस बाय एक हजार ऐंशीचा, रेकॉर्ड होणारी फाइलही तेवढीच. चित्राच्या डाव्या अंगाला वेळ मोजणारं घड्याळ. कुठेही ताणणं नाही, आवळणं नाही. कित्येक खेळाडू चित्र पडदाभर दिसावं म्हणून कोपरा धरून ताणतात. एका ठिपक्याचे साडेचार ठिपके करायला गेलं की अर्धा ठिपका कुणाच्या वाट्याला द्यायचा हा प्रश्न येतो आणि सॉफ्टवेअर दोन्ही शेजाऱ्यांचे रंग मिसळून मांडवली करतं. तीच मांडवली डोळ्याला मऊपणा म्हणून दिसते. चिंगीने हे टाळलं होतं. मांडणी इतकी नेटकी होती, की भिंगला थोडं नवलच वाटलं. गेल्याच महिन्यापर्यंत ही पोरगी चित्र ताणून पाठवायची. हिला हे शिकवलं कुणी?

तो प्रश्न तिने बाजूला ठेवला आणि चित्र आठपट मोठं केलं.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक चौकोन चाराचा होता, कडा सुरीने कापल्यासारख्या. चौथ्या टप्प्यात कडांवर मधल्या रंगाचे ठिपके उगवले होते. पण सगळीकडे नव्हेत. हीच गंमत होती. डावीकडून उजवीकडे जाताना चित्र थोडं लख्ख, मग मऊ, पुन्हा लख्ख, पुन्हा मऊ, असे उभे पट्टे पडले होते. तिने मोजले. मऊ पट्टे आठ. आडवे मोजले, तर सहा.

भिंग खुर्चीत मागे रेलली. दोन कंगवे एकावर एक ठेवले आणि एकाचे दात जरासे दाट असले, की असेच पट्टे दिसतात. दात जिथे जुळतात तिथे लख्ख, जिथे चुकतात तिथे गिचमिड. पट्टे आठ, म्हणजे चित्र रुंदीला आठ ठिपक्यांनी आवळलं गेलं होतं, उंचीला सहा. बाराशेऐंशीचं बाराशेबहात्तर. उजवी कड मोजली, तर खरंच आठ ठिपके आत आलेली. डावी आणि वरची कड मात्र होती तिथेच, एका ठिपक्याचाही फरक नाही.

"अण्णा, इकडे या. समजा दुसऱ्या दिवशी वेगळी मांडणी करून खेळली असती, तर चूक अशी कशी झाली असती? माणूस चुकतो तेव्हा दणदणीत चुकतो. साडेचारपट ताणतो किंवा फाइलच लहान मापाची ठेवतो. आठ ठिपके कोण आवळतं?"

"नजरेला न दिसणारं कोण मुद्दाम करेल, असं म्हणताय?"

"म्हणत नाही अजून. उजवा खालचा कोपरा माउसने धरून ओढला, की असं होतं. वरचा डावा कोपरा जागेवर राहतो आणि चित्र प्रमाणात लहान होतं."

"रेकॉर्डिंग चालू असताना?"

"चालू असतानाही. पटाचं माप रेकॉर्डिंगच्या मधे बदलता येत नाही. पण पटावर ठेवलेलं चित्र हलवता येतं, त्याला कुलूप लावलं नसेल तर."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "बरं. मग माउस ओढला कुणी? पोरीचे दोन्ही हात कंट्रोलरवर. ती काय पायाने ओढणार?"

सांध्याचा संशय एका दारातून बाहेर पडत होता आणि दुसऱ्या दारातून वेगळाच आत शिरत होता.

आधी पहिला निकालात काढायचा, असं ठरवून तिने आवाज तपासला. काळ्या पडद्यावर गेमचं संगीत थांबतं, पण जुन्या यंत्राच्या आवाजात भिंतीतल्या विजेची बारीक गुणगुण कायम असते. ती लाट एका लयीत वर-खाली होत राहते. दोन रेकॉर्डिंग जोडली, तर सांध्यावर ती लाट जवळजवळ हमखास तुटते, कारण दोन वेळची वीज एकाच ठेक्यावर सापडायची नाही. भिंगने काळ्या पडद्याखालची लाट ताणून बघितली. सलग. कुठे ठेच नाही.

मग चित्राकडे वळली. काळा पडदा खरोखर काळा असतो का? पटाचा काळा हा आकड्यातला शून्य. पण जुन्या यंत्राच्या तारेतून आलेला काळा कधीच पुरता शून्य नसतो, त्यात किंचित राखाडी मुरलेली असते. डोळ्याला फरक कळत नाही. तिने उजेड चढवत नेला, चढवत नेला, आणि काळोखातून एक राखाडी चौकट वर आली.

चौकट हलत होती.

पडदा काळा झाला तेव्हा ती पूर्ण मापाची होती. मग अचानक उजवीकडून हिसका बसल्यासारखी बरीच आत आली. क्षणभर तशीच राहिली. मग कुणीतरी तिला बाहेर ओढलं, जास्त ओढलं, पुन्हा आत, पुन्हा थोडी बाहेर. हळूहळू, चाचपडत. आणि चौथा टप्पा उजळला तेव्हा ती आठ ठिपके कमी असताना थांबली.

अण्णांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "भूत आहे का हो घरात?"

"भुताला माउस लागत नाही."

मावशी कामावर गेलेली असताना भिंग चिंगीच्या घरी पोचली. दार उघडल्यावर चिंगीचा चेहरा पडला आणि तो सावरायच्या आत भिंगने तिच्या खांद्यावरून खोलीत नजर टाकली. टेबलावर पडदा, कार्ड, पेटी. खुर्च्या दोन. दुसरी खुर्ची टेबलाच्या उजव्या बाजूला, माउसला लगटून. कीबोर्ड कपाटावर चढवून ठेवलेला, खेळताना वायरीत अडकू नये म्हणून.

"दुसरी खुर्ची कुणाची?"

"कपडे टाकायला."

"कपडे कुठायत?"

"ताई, तू पोलिसात का नाही गेलीस गं?"

"तिथे ठिपके मोजू देत नाहीत. बस. हे बघ." भिंगने लॅपटॉप उघडला आणि उजळवलेला काळा पडदा दाखवला. चौकट आत गेली, चाचपडली, बाहेर आली. चिंगी बघत होती, पण तिला नवल वाटलं नाही. भीती वाटली.

"खोलीत दुसरं माणूस होतं," भिंग म्हणाली. "तू एकटी होते म्हणालीस. एक खोटं सापडलं, की अण्णा बाकीच्या सगळ्याला खोटंच धरतील. आता मी सांगू कोण ते? चित्र चारपट नेमकं बसवायला तुला कुणी शिकवलं? मंडळात एवढं काटेकोर बसवणारे दोघंच. एक मी."

स्वयंपाकघराकडून कुणीतरी घसा साफ केला. मग घड्याळ्या बाहेर आला, हातात पाण्याचा पेला, चेहरा परीक्षेत कॉपी पकडलेल्या पोरासारखा.

"चोराच्या मनात चांदणं," भिंग म्हणाली.

"मी चोर नाही, ताई."

"ते अजून ठरायचंय. तुझा विक्रम मोडत होती ती. तिसऱ्या टप्प्याला तुझ्या पुढे होती. आणि बरोबर त्याच क्षणी तुझा हात माउसवर जातो, चित्र बिघडतं आणि व्हिडिओ संशयात येतो. नंतर मंडळात तू तोंडातून ब्र काढत नाहीस. मी काय समजू?"

चिंगी ताडकन उठली. "ताई!"

"तू थांब. त्याला बोलू दे."

घड्याळ्याने पेला टेबलावर ठेवला, मग वायरींजवळ आहे हे लक्षात येऊन उचलला, खाली जमिनीवर ठेवला. "मागच्या खेपेला डिस्क भरली होती आणि रेकॉर्डिंग मधेच बंद पडलं होतं. तिचा तो खेळही चांगला होता. म्हणून काळा पडदा आल्यावर बघायला गेलो, चालू आहे ना. माउस धरला तो बटण दाबूनच. बाण नेमका कोपऱ्यावर होता. हिसका बसला."

"मग 'अंडू' करून आधीच्या पायरीवर परत न्यायचं."

"कीबोर्ड कपाटावर. उठलो असतो तर खुर्ची वाजली असती, तिचं लक्ष गेलं असतं. मेनूत शोधायचं सुचलंच नाही. म्हणून हातानेच परत ओढत बसलो. चित्र पटाच्या कडेला टेकत असतं तर आपोआप चिकटलं असतं. मधे होतं, चिकटायला काही नाही. वाटलं, बसलं नीट."

"आठ ठिपके राहिले."

"आठ?" त्याने असं तोंड केलं, की जणू आठ माणसं दगावली. "मला दोन-तीन वाटले होते."

भिंगने त्याच्याकडे नीट बघितलं. बोलणं पटत होतं. पण पटणं म्हणजे मोजणं नव्हे. तिने चिंगीच्या संगणकावर तीच मांडणी उघडली, त्याला कोपरा ओढायला लावला आणि मग चित्र काळं असताना परत बसवायला सांगितलं, तिने मोजलेल्या तेवढ्याच वेळात. एकदा सहा ठिपके चुकला. एकदा अकरा. चिंगीने करून बघितलं, ती वीस चुकली. मग भिंगने पुन्हा तो काळा तुकडा लावला आणि चौकटीची चाल बघितली. ज्याला बिघडवायचं आहे, त्याचा हिसका पुरेसा होता. त्याने तिथेच हात काढून घेतला असता. हा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत ओढत होता, प्रत्येक खेपेला मूळ मापाच्या जास्त जवळ. बिघडवण्यापेक्षा सुधारण्याचा प्रयत्नच जास्त वेळ चालला होता.

"विक्रम खरा आहे," ती म्हणाली.

चिंगीने श्वास सोडला आणि खुर्चीत कोसळली.

"थांब. मान्य करताना मला कारण लिहावं लागेल. मऊपणा सगळ्यांना दिसतो, सगळे विचारणार. रेकॉर्डिंगला दुसऱ्याने हात लावला तर नियमाची हरकत नाही, कंट्रोलरला लावला तर आहे. पण तो दुसरा कोण, हे लिहिल्याशिवाय अण्णा होकार देणार नाहीत. आणि लिहिलं की मंडळाच्या पानावर सगळे वाचणार."

"आईसुद्धा," चिंगी म्हणाली.

मावशी मंडळाचं पान रोज वाचायची. लेकीच्या प्रत्येक व्हिडिओचा दुवा ती साऱ्या नातेवाइकांना पाठवायची, अगदी हरलेल्या खेळांचाही. आणि याच मावशीने बसथांब्यावर दोघांना बघितल्यापासून बजावलं होतं, की तो मुलगा या घराच्या पायरीवर दिसता कामा नये.

"नाव न लिहिता नाही का चालणार?" घड्याळ्या म्हणाला. "एक परिचित, असं."

"खोलीतला परिचित म्हणजे ज्याचा विक्रम मोडला तोच, हे उद्या बाहेर आलं तर? तेव्हा सांधा नाही, साटंलोटं म्हणतील. संशयाला अर्धी भाकरी घातली, की तो उरलेली मागायला येतो."

"मग विक्रम मागे घेऊ? पुन्हा खेळेल ती."

"पुन्हा?" चिंगीचा आवाज चढला. "तुझ्या चुकीसाठी मी माझा खेळ फेकून देऊ? तो खेळ पुन्हा व्हायचा नाही मला, तुला माहितीय." ती थोडा वेळ बोटं मोडत बसली. मग म्हणाली, "ताई, लिही. नावासकट. पण आई आल्यावर मी आधी तिला सांगते. पानावर वाचून कळलं, तर मला जिवंत ठेवणार नाही."

"मी जाऊ?" घड्याळ्याने विचारलं.

"आता कुठे पळतोस? बस तिथेच. कपड्यांच्या खुर्चीवर."

मावशी आली ती दारातच थबकली. पायातली चप्पल अर्धी काढलेली, अर्धी तशीच. तिने तिघांकडे बघितलं आणि सगळ्यात आधी भाचीवर घसरली.

"तूपण यात आहेस?"

"मावशी, मी तपासायला आलेय."

"काय तपासायला? हा इथे काय करतोय?"

चिंगीने सांगितलं. तो येतो, शिकवतो, तू नसताना येतो, त्या दिवशी चुकून त्याचा हात लागला आणि आता मंडळ मला लबाड समजतंय. सांगताना एकदा अडखळली, पण थांबली नाही. मावशीच्या कपाळावरची आठी हलली नाही.

"म्हणजे ज्याला तू हरवलंस तो इथे बसून होता आणि त्यानेच चित्र बिघडवलं. आणि तुम्ही म्हणताय चुकून."

"मोजलंय," भिंग म्हणाली.

"मोजलंय? दाखव मला."

भिंगने काळा तुकडा लावला. मावशी पदराने चष्मा पुसून वाकली. राखाडी चौकट आत गेली, दचकली, बाहेर आली, पुन्हा आत. मावशीने परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"हा एवढा वेळ नीट करत बसला होता?"

"हो."

"आणि तरी नीट झालं नाही."

"आठ ठिपके राहिले, काकू," घड्याळ्या पुटपुटला.

"तुला कुणी विचारलं?" मावशी सरळ झाली. "मग मंडळात माझ्या पोरीला लबाड म्हणत होते, तेव्हा तू गप्प का बसलास?"

"मी त्याला शपथ घातली होती," चिंगी म्हणाली. "तुला कळू नये म्हणून."

"तू गप्प. मी याला विचारतेय."

घड्याळ्या खुर्चीवरून उठून उभा राहिला. म्हणाला, "घाबरलो, काकू. बोललो असतो तर इथलं दार बंद झालं असतं."

मावशीची समजूत पटली, असं भिंगला मुळीच वाटलं नाही. पण तिने उरलेली चप्पल काढली.

"लिहा काय लिहायचं ते," ती भाचीला म्हणाली. "सगळं लिहा, अर्धवट नको. आणि तू रे. यापुढे यायचं असेल, तर मी घरात असताना यायचं. लेकीच्या माउसला हात लावायचा नाही."

भिंगने तिथेच बसून टिपण लिहिलं: आठ ठिपके, सहा ठिपके, सलग लाट, राखाडी चौकट, हात कुणाचा. अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पट्ट्यांचं चित्र जोडा. त्याशिवाय लोकांना खरं वाटायचं नाही. मला तरी कुठे वाटलं होतं?"

तिने चित्र जोडलं आणि दोघांचे होकार लागले. यादीत चिंगीचं नाव वर चढलं, घड्याळ्याचं एक ओळ खाली आलं. पहिली प्रतिक्रिया लगेच पडली. कुणीतरी विचारलं होतं, खोलीत तिसरं कुणी नव्हतं कशावरून?

मावशीने ती चष्म्यातून वाचली. "बरोबर विचारलंय," ती म्हणाली आणि चिंगी-घड्याळ्याकडे वळून बघितलं.